एकरी एक पोतं

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन गेला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. सोबत एक अक्षरही नसतं. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. नुसतं खताचं पोतं, नाहीतर बियाण्याच्या पिशवीला शिवलेलं लेबल. मी कृषी शाखेची, परभणीला शिकले, आणि माझा नंबर आमच्या भागात एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, त्यामुळे हे ओघानेच आलं. पण यंदाच्या जूनमध्ये आलेला एक फोटो मनातून जाईना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवं टाकलेलं पोतं, तोंडाची शिवण शाबूत, एका कोपऱ्यावर चिखलाचे शिंतोडे, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत २०:२०:०:१३. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलेला, नखात ओली काळी माती. प्रश्न कुठेच नाही. पोतं मात्र अगदी नीट, सरळ, सगळे आकडे दिसतील असं टिपलेलं.

अशा फोटोला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता येतं. यात नत्र २० टक्के, स्फुरद २० टक्के, पालाश नाही, गंधक १३ टक्के. झालं. पण हे तर पोत्यावरच लिहिलेलं आहे, आणि ज्याच्या नखात माती आहे त्याला हे आकडे माझ्याइतकेच पाठ आहेत. आमच्याकडे शाळा अर्ध्यात सोडलेला माणूसही ‘दहा सव्वीस सव्वीस’ आणि ‘बारा बत्तीस सोळा’ असं तोंडी मागून खत घेतो. मग त्याला काय हवं होतं? एकरी किती टाकू, हे? का हे खत माझ्या पिकाला चालेल का, हे? का पोत्यावरचं इंग्रजी-हिंदी वाचून दाखवा, हे? तिन्ही शक्य होते, आणि तिन्हींची उत्तरं वेगळी होती. मी फोन लावला.

“डीएपी संपलंय म्हणाला ताई दुकानदार. हे घेऊन जा म्हणला, हे बी तसंच हाय. तीन एकर सोयाबीन हाय, तीन पोती आणलीत.”

मला जे कळायचं होतं ते सगळं या एवढ्या बोलण्यात आलं. त्याला मात्रा विचारायची नव्हती, कारण त्याच्या मते मात्रा ठरलेलीच होती: एकरी एक पोतं. भाषेची अडचण नव्हती. पिकाला चालतं की नाही हीसुद्धा खरी शंका नव्हती. ‘तसंच हाय’ या दुकानदाराच्या दोन शब्दांवर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि विश्वास का बसत नाही हे त्याला नीट मांडता येत नव्हतं. म्हणून त्याने पोत्याचा फोटो काढून पाठवला.

ही ‘एकरी एक पोतं’ ची सवय मी लहानपणापासून पाहत आले आहे. वडील खताचा हिशोब कधीच किलोत करत नसत. सुफला आणली तरी पोत्यात, डीएपी आणलं तरी पोत्यात. ओसरीवर पोती मांडलेली असत, वरचं पोतं उघडलं की नाकात शिरणारा तो तिखटसर वास, आणि आई आम्हाला लांब हो म्हणून ओरडायची. वडील पोती मोजायचे, रान मोजायचे, दोन्ही जुळले की पेरणीची तयारी झाली. शिकून आल्यावर मला ही पद्धत अडाणीपणाची वाटायची. नंतर कागदावर आकडे मांडले तेव्हा दिसलं की ती वाऱ्यावरची नव्हती. मराठवाड्यात सोयाबीनला कृषी विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश. अडीचने भागलं की एकरी १२, २४, १२. आता डीएपीचं ५० किलोचं पोतं घ्या. त्यात नत्र १८ टक्के म्हणजे ९ किलो, स्फुरद ४६ टक्के म्हणजे २३ किलो. नत्र थोडं कमी, स्फुरद जवळपास नेमकं, पालाश तेवढं राहिलं. म्हणजे एकरी एक पोतं हा नियम सोयाबीनसाठी बऱ्यापैकी बरोबर होता. तो कुणी हिशोब करून बसवला की वर्षानुवर्षांच्या अनुभवाने बसला, हे महत्त्वाचं नाही. तो बसला होता एवढं खरं.

फक्त तो नियम डीएपीचा होता, पोत्याचा नव्हता.

पोतं बदललं आणि नियम तोच राहिला की घोटाळा होतो. २०:२०:०:१३ च्या एका पोत्यात नत्र १० किलो, स्फुरदही १० किलो, गंधक साडेसहा किलो. एकरी एक पोतं टाकलं तर सोयाबीनला २४ ऐवजी १० किलो स्फुरद मिळणार, निम्म्याहूनही कमी. बरं, स्फुरद भरून काढायला हेच खत जास्त टाकावं म्हटलं तर एकरी जवळजवळ अडीच पोती लागतील, आणि त्यातून नत्र जाईल २४ किलो, म्हणजे शिफारशीच्या दुप्पट. सोयाबीन हे मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र बांधणारं पीक. त्याला सुरुवातीलाच जमिनीतून आयतं नत्र भरपूर मिळालं की गाठी कमी धरतात, आणि झाड नुसतं वाढत जातं. पानं हिरवीगार, कमरेएवढी उंची, बांधावरून बघणाऱ्याला वाटतं यंदा सोयाबीन काय आलंय! शेंगा मोजायला वाकलं की कळतं.

आणि स्फुरदाची चूक नंतर दुरुस्त होत नाही. युरिया कमी पडला तर पिकांत मागाहून तो देता येतो, पाऊस त्याला मुळांपर्यंत नेतो. स्फुरद जिथे पडतं तिथून फारसं हलत नाही. त्यात आमच्या काळ्या, चुनखडीच्या रानात चुना त्याला धरून बसतो. ते पेरतानाच, बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली, मुळं जिथे उतरणार त्या जागी पडायला हवं. पीक महिन्याचं झाल्यावर वरून फेकलेलं डीएपी मातीच्या वरच्या थरातच राहतं. म्हणून पेरणीच्या आदल्या संध्याकाळी आलेल्या फोटोला घाई असते. वापसा आला आहे, पेरणी यंत्र सकाळचं ठरलं आहे, आणि ट्रॉलीत पोती चढलेली आहेत. यावर उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी दिलं तर त्याचा काही उपयोग नाही.

मी त्याला पहिलं विचारलं, “बिल झालंय का अजून परत करता येतं?” खरं तर दुकानात १२:३२:१६ असतं तर काम सोपं होतं. त्याची दीड पोती म्हणजे नत्र ९, स्फुरद २४, पालाश १२ किलो. सोयाबीनसाठी शिवून घेतल्यासारखं माप. गंधक तेवढं वेगळं बघावं लागतं. पण तेही संपलेलं होतं. मग आहे त्यातून जुळवलं. २०:२०:०:१३ चं एकरी एकच पोतं ठेवायचं, त्यातून नत्राची गरज जवळपास भागते. स्फुरदासाठी सोबत सिंगल सुपर फॉस्फेट, एकरी दोन पोती. सुपरमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे पोत्यामागे ८ किलो, दोन पोत्यांत १६. वीस-वीसचे १० मिळवले की २६. शिवाय सुपरमधून गंधकही मिळतं, आणि सोयाबीन तेलबिया असल्याने गंधक त्याला हवंच असतं. पोटॅशचं एक पोतं तिन्ही एकरांत वाटून टाकायचं. सुपरची सहा पोती यंत्राच्या खताच्या चाड्यातून एकाच वेळी घालणं अवघड जातं, म्हणून ते शेवटच्या वखराच्या पाळीला मातीत मिसळून घ्यायला सांगितलं, आणि वीस-वीस पेरणीबरोबर. बियाण्याच्या चाड्यात खत अजिबात मिसळायचं नाही हेही सांगितलं. काही जण वेळ वाचवायला एकत्र करतात, आणि खताच्या मिठाने कोंब जळतात, बियाण्याला लावलेलं जिवाणू खतही मरतं.

तो सगळं शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “म्हंजे तसंच नाही.”

त्याने सहज म्हटलं, पण मला ते खूप पटलं. पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाशाचे टक्के असतात, वजन असतं, किंमत असते, बनवल्याचा महिना असतो. मात्रा मात्र नसते, आणि ती असूही शकत नाही, कारण ती पिकावर, रानावर, पाण्यावर ठरते. तेच डीएपी कांद्याला वेगळं, कपाशीला वेगळं, उसाला वेगळं. म्हणून लेबलचा नुसता फोटो बघून मात्रा सांगणाऱ्याची मला भीती वाटते. पोत्यात काय आहे ते फोटोत दिसतं, रानात काय आहे ते दिसत नाही. ज्याच्याकडे माती परीक्षणाचा कागद असतो त्याला मी आधी तो पाठवायला सांगते, कारण त्यात पालाश भरपूर निघालं तर पोटॅशचा खर्च वाचतो. पण पेरणीच्या आदल्या रात्री तो कागद बहुतेक वेळा गोठ्यातल्या पिशवीत असतो किंवा नसतोच. तेव्हा शिफारस हाच आधार धरावा लागतो.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून अनुदानित खतांची पोती सगळी ‘भारत’ नावाने येऊ लागली. भारत युरिया, भारत डीएपी, भारत एनपीके. पोत्याचा मोठा भाग त्या नावाला आणि बोधचिन्हाला, कंपनीचं नाव उरलेल्या लहान भागात. पूर्वी वडिलांच्या पिढीला पोत्याचा रंग लांबून ओळखू यायचा. आता फोटोत सगळी पोती सख्ख्या भावंडांसारखी दिसतात आणि फरक राहतो तो फक्त आकड्यांत. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आकडे वाचणं याआधी कधी नव्हतं इतकं गरजेचं झालं आहे.

कारण पोत्यावरची मोठी अक्षरं फसवू शकतात. त्याच आठवड्यात दुसरा फोटो आला होता. पोत्यावर ठळक ‘डीएपी’, आणि त्याच्या आधी बारीक अक्षरांत ‘सेंद्रिय’. फोटो असा काढलेला की ‘सेंद्रिय’ कडेला अर्धं कापलं गेलं. मी लिहिलं, “पोतं उलटं करा, टक्के लिहिलेली बाजू पाठवा.” मागच्या बाजूला होतं ते स्फुरदयुक्त सेंद्रिय खत, ज्याला व्यापारात ‘प्रोम’ म्हणतात. खत नियंत्रण आदेशात त्याला जागा आहे, ते बनावट नाही. पण त्यात स्फुरद कमीत कमी १०.४ टक्के, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात पाच किलोच्या आसपास. डीएपीत तेवीस. शिवाय डीएपीतलं बहुतेक स्फुरद पाण्यात विरघळतं. प्रोममधलं येतं खडकाच्या भुकटीतून, आणि ते मोकळं व्हायला आम्ल लागतं. कोकणातल्या लाल, आम्लधर्मी जमिनीत ते बरं चालेल. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात ते यंदाच्या सोयाबीनला वेळेवर भेटणं कठीण. काळे दाणे दोन्हींचे सारखेच दिसतात, मुठीत घेतले तरी. ज्याने फोटो पाठवला होता तो किंमत बघून खूश होता, डीएपीपेक्षा बरीच स्वस्त मिळाली म्हणून. मी त्याला स्फुरदाच्या किलोमागे किती पैसे पडले ते काढून दाखवलं, तेव्हा फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. दुकानदाराने पोतं परत घेतलं नाही. ते शेणखताबरोबर उकिरड्यात मिसळून पुढच्या हंगामासाठी ठेवायचं आणि यंदा सुपर टाकायचं, असं आम्ही ठरवलं.

बियाण्याच्या लेबलचं आणखी वेगळं आहे. तिथे फोटो कोणत्या महिन्यात आला यावर प्रश्न बदलतो. मे महिन्यात सोयाबीनच्या पिशवीचं लेबल आलं तर पाठवणारा दुकानात उभा आहे, घेऊ की नको विचारतो आहे. निळं लेबल म्हणजे प्रमाणित बियाणं, अकोल्याच्या बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं. हिरवं म्हणजे सत्यप्रत, त्याची जबाबदारी कंपनीची स्वतःची. जूनमध्ये तेच लेबल आलं तर पिशवी घरात आली आहे, आणि त्याची नजर उगवणशक्तीच्या आकड्यावर अडली आहे. सोयाबीनला किमान ७० टक्के लिहिलेलं असतं, आणि त्याला वाटतं शंभरातले तीस वायाच जाणार तर एकरी ३० किलो पुरेल का? पुरतं, कारण ३० किलोचा हिशोब तो आकडा धरूनच केलेला आहे. पण लेबलवरचा आकडा तपासणीच्या तारखेचा असतो. सोयाबीनचं टरफल इतकं नाजूक की मळणी यंत्राचा वेग जास्त असला, पोत्यांची उंच थप्पी लावली, कुणी ट्रकमधून पिशव्या आपटल्या, तरी उगवण घसरते. म्हणून मी जूनमध्ये लेबल वाचून दाखवत नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवा, गुंडाळा, सावलीत ओलं ठेवा, आठवड्याने मोजा, असं सांगते. पासष्टच उगवले तर तीसाऐवजी बत्तीस किलो पेरा. पन्नासच्या आसपास आले तर ते बियाणं पेरूच नका.

जुलैमध्ये तेच लेबल आलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. तेव्हा फोटोत बहुतेक वेळा लेबलच्या मागे उघडं रान दिसतं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, तेव्हा असे फोटो एकापाठोपाठ आले होते. त्यावेळी मात्रा, पीक, भाषा, यातलं काहीच उरलेलं नसतं. त्याला विचारायचं असतं की मी फसलो का. आणि मला विचारायचं असतं की बिल आहे का, पिशवी आहे का, थोडं बियाणं उरलं आहे का. पिशवी लेबलसकट, बिल आणि मूठभर दाणे जपून ठेवले असतील तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे अर्ज करता येतो. समिती शेतावर येते, पंचनामा करते. बियाण्याचा दोष, की खोल पेरणी, की पावसाचा खंड, हे तिथे ठरतं. म्हणून पंचनाम्याआधी दुबार पेरणीची घाई करू नका म्हणते. पण ओल उडून चालली असताना थांबा म्हणणं किती कठीण आहे, हे मला माहीत आहे. काही जण थांबतात. बरेच जण थांबत नाहीत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

भाषेसाठी आलेला फोटो मला क्वचितच आठवतो, पण एक आहे. नवरा गेल्यावर दोन एकर एकटीने कसणाऱ्या एका मावशींनी पाठवला होता. त्यांना टाइप करता येत नाही, म्हणून मागोमाग आवाजातला निरोप. मला वाटलं वाचून दाखवायचं असेल. निरोपात त्या म्हणाल्या, “माय, ह्यावर गव्हाचं चित्र हाय. सोयाबीनला टाकलं तर चालंल का?” पोत्यावर खरंच गव्हाची ओंबी छापलेली होती. कुणीतरी शोभेसाठी काढलेली ओंबी त्यांनी सूचना म्हणून वाचली होती, आणि ते अगदी बरोबर होतं. ज्याला अक्षरं वाचता येत नाहीत त्याच्यासाठी चित्र हाच मजकूर असतो. दुकानात हसतील म्हणून त्यांनी तिथे विचारलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की चित्राकडे बघू नका, आणि एकरी किती ते त्यांच्या पायलीच्या मापात सांगितलं, कारण किलोचा काटा त्यांच्या घरी नव्हता.

या सगळ्यातून माझी एक मागणी तयार झाली आहे, आणि ती मी भेटेल त्या अधिकाऱ्यापुढे, भेटेल त्या दुकानदारापुढे मांडते. पोत्यावर टक्के आहेत ते असू द्या. त्याच्या शेजारी, तितक्याच मोठ्या आकड्यांत, या पोत्यात किती किलो नत्र, किती किलो स्फुरद, किती किलो पालाश हे छापा. शेतकरी पोत्यात मोजतो, शिफारस किलोत असते, आणि मधला गुणाकार पेरणीच्या आदल्या रात्री कुणीही करत बसत नाही. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने पोती बदलता येत नाहीत म्हणून दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं: डीएपी ९-२३-०, बारा बत्तीस सोळा ६-१६-८, वीस-वीस १०-१०-०, सुपर ०-८-०, आणि खाली सोयाबीन एकरी १२-२४-१२. गिऱ्हाईक रांगेत उभं राहून बेरजा करायचं. त्याच्याकडे यंदा डीएपीच्या आधी सुपर संपलं.